तीन महिन्यांनंतरचा व्याजदर आज कसा ठरतो?

रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०१९ पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांना दिलेली बदलत्या दराची नवी कर्जे बाह्य मानदंडाशी जोडली जाऊ लागली. मध्यम उद्योगांना हा नियम पुढे १ एप्रिल २०२० पासून लागू झाला. मानदंड निवडण्याची मुभा बँकेला आहे. बहुतेक बँका रेपो दर निवडतात, पण त्या यादीत ‘एफबीआयएल’ या संस्थेकडून जाहीर होणारा तीन महिन्यांच्या ट्रेझरी बिलाचा परतावा-दरही आहे. ज्याचे कर्ज या दराशी जोडलेले आहे, त्याचा व्याजदर साधारणपणे दर तीन महिन्यांनी नव्याने ठरतो. चालू तिमाहीचा दर त्याला ठाऊक असतो, पुढच्या तिमाहीचा नसतो.

वेर्णा औद्योगिक वसाहतीत असा एखादा उद्योजक आहे, अशी कल्पना करू. त्याच्यावर १० कोटी रुपयांचे कर्ज आहे. व्याज म्हणजे तीन महिन्यांच्या ट्रेझरी बिलाचा दर, अधिक ठरावीक ३ टक्के. आजच दराची पुनर्निश्चिती झाली असून पुढची ९१ दिवसांनी आहे. त्या दिवशी दर चढलेला असेल, ही त्याची धास्ती. मालाचे भाव त्याने ग्राहकांना आधीच कळवून टाकले आहेत, त्यामुळे व्याजाचा वाढीव बोजा कोणावर टाकण्याची सोय उरलेली नाही. अशा वेळी बँकेकडे मागता येणारे एक साधन म्हणजे फॉरवर्ड रेट अ‍ॅग्रीमेंट, बाजाराच्या बोलीत ‘एफआरए’. भारतात रुपयातील अशा करारांना रिझर्व्ह बँकेने जुलै १९९९ मध्ये परवानगी दिली. २०१९ च्या निर्देशांनुसार किरकोळ वर्गात मोडणाऱ्या ग्राहकाला तो फक्त जोखीम कमी करण्यासाठी करता येतो, सट्ट्यासाठी नाही.

कराराचे स्वरूप साधे आहे. दोन पक्ष एका भावी कालखंडासाठी एक दर आज ठरवतात. येथे तो कालखंड ९१ व्या दिवसापासून १८२ व्या दिवसापर्यंतचा आहे. बाजारात अशा कराराला ‘तीन बाय सहा’ म्हणतात, कारण तो तीन महिन्यांनी सुरू होतो आणि सहा महिन्यांनी संपतो. प्रत्यक्ष दर ठरलेल्या दरापेक्षा वर गेला तर बँक उद्योजकाला फरक देते. खाली गेला तर उद्योजक बँकेला देतो. १० कोटींचे मुद्दल कोणाच्याही हातातून कोणाच्याही हातात जात नाही, ते केवळ हिशेबासाठी असते. स्थिर दर देणाऱ्याला करार ‘विकत घेणारा’ म्हणण्याची प्रथा आहे, म्हणजे आपला उद्योजक खरेदीदार ठरतो. विकत मात्र काहीच घेतलेले नसते आणि करार करताना कोणी कोणाला पैसेही देत नाही. म्हणूनच कराराचा दर कोणता असावा, हा प्रश्न कळीचा ठरतो. पैसे न देता करार व्हायचा, तर तो दर असा हवा की आजच्या दिवशी दोन्ही बाजूंना त्याचे मूल्य शून्य असेल.

दर बाजारातच दडलेला असतो

पहिल्या वेळी बहुतेकांचा समज होतो, की बँकेचे अर्थतज्ज्ञ तीन महिन्यांनंतरच्या दराचा अंदाज बांधतात आणि तो करारात लिहितात. तसे घडत नाही. तो दर आजच्याच दोन दरांतून निघतो आणि तो काढायला भविष्यातले काहीही माहीत असावे लागत नाही.

ट्रेझरी बिल म्हणजे केंद्र सरकारचे अल्पमुदतीचे कर्ज. त्यावर वेगळे व्याज मिळत नाही. ते शंभर रुपयांपेक्षा कमी किमतीला विकले जाते आणि मुदत संपली की शंभर रुपये हातात पडतात. मुदती ९१, १८२ आणि ३६४ दिवसांच्या असतात. या तिन्ही संख्यांना सातने भाग जातो, त्यामुळे बिल ज्या वाराला निघाले त्याच वाराला परत होते. आपल्या हिशेबालाही त्याची मदत होते, कारण ९१ ची दुप्पट बरोबर १८२ आहे आणि तुकडे नेमके जुळतात.

समजा, आज ९१ दिवसांचा दर ५.५० टक्के आणि १८२ दिवसांचा ५.७० टक्के आहे. हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. भारतीय पद्धतीत दर वार्षिक असतो आणि वर्ष ३६५ दिवसांचे धरतात. तेव्हा ९१ दिवसांत एक रुपयाचे १.०१३७१२ रुपये होतात आणि १८२ दिवसांत १.०२८४२२ रुपये. उलट बाजूने पाहिले, तर ९१ दिवसांनी मिळणाऱ्या शंभर रुपयांची आजची किंमत ९८.६४७३ रुपये आणि १८२ दिवसांनी मिळणाऱ्या शंभरांची ९७.२३६४ रुपये येते. बिलांची आजची किंमत हीच. मुदतीगणिक व्याजदर कसे बदलतात याचा जो आलेख बाजारात सांगितला जातो, तो मुळात अशा किमतींची एक रांग असते.

आता प्रश्न असा, की या दोन आकड्यांच्या मधल्या ९१ दिवसांसाठी कोणता दर दडलेला आहे? मनात पटकन येणारे उत्तर ५.९० टक्के असते. दोन तिमाहींची सरासरी ५.७० आणि पहिली ५.५०, म्हणून दुसरी ५.९०. हे उत्तर चुकीचे आहे, आणि का चुकीचे आहे ते पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या तिमाहीची सुरुवात एका रुपयाने होत नाही. पहिल्या तिमाहीचे व्याज जमा होऊन रक्कम १.०१३७१२ झालेली असते आणि तेवढ्या रकमेवर व्याज मिळून ती १.०२८४२२ पर्यंत पोहोचते. म्हणून दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागायचे. भागाकार १.०१४५१०६ येतो. त्यातून एक वजा करून उरलेल्याला ३६५ ने गुणले आणि ९१ ने भागले, की ५.८२ टक्के मिळतात. ५.९० आणि ५.८२ यांतला फरक म्हणजे व्याजावरील व्याज, त्याहून काही नाही. ५.९० ला १.०१३७ ने भागून पाहावे, ५.८२ च मिळतात.

हेच सूत्ररूपात लिहायचे तर असे:

```
f = ((1 + r2*182/365) / (1 + r1*91/365) - 1) * 365/91
```

यात `r1` हा लहान मुदतीचा दर, `r2` लांब मुदतीचा आणि `f` मधल्या काळाचा, म्हणजेच कराराचा.

हा दर केवळ गणिती नाही, तो पाळायला बाजार भाग पाडतो. समजा, आपल्या उद्योजकाने एफआरए न करता तोच परिणाम स्वतः घडवायचे ठरवले. आज तो १८२ दिवसांसाठी ५.७० टक्क्यांनी ९ कोटी ८६ लाख ४७ हजार ३१६ रुपये उसने घेतो आणि लगेच ९१ दिवसांसाठी ५.५० टक्क्यांनी गुंतवतो. आज त्याच्या खिशातून काही जात नाही आणि खिशात काही येतही नाही. ९१ व्या दिवशी गुंतवणुकीचे बरोबर १० कोटी परत येतात. १८२ व्या दिवशी उसनवारीपोटी १० कोटी १४ लाख ५१ हजार रुपये द्यावे लागतात. म्हणजे ९१ व्या दिवशी १० कोटी मिळाले आणि ९१ दिवसांनी साडेचौदा लाखांच्या व्याजासह ते फेडले. हे ५.८२ टक्के दराने भविष्यात घेतलेले कर्जच आहे, फक्त ते आज घडवलेले आहे. आता कोणी याच काळाचा एफआरए ५.९० टक्क्यांना घेऊ लागला, तर चतुर व्यापारी त्याला तो विकतो, ही दुहेरी उलाढाल करून ५.८२ चे कर्ज घडवतो आणि १० कोटींमागे सुमारे २० हजार रुपये बिनजोखमीचे कमावतो. अशी संधी फार काळ टिकत नाही.

येथे एक खरी मर्यादा सांगितली पाहिजे. ट्रेझरी बिलाच्या दराने पैसे उसने मिळतात ते फक्त सरकारला. बँकेला ही उलाढाल करायची तर हातातली बिले गहाण ठेवून किंवा उसनी घेऊन करावी लागते आणि त्याचा खर्च येतो. त्यामुळे प्रत्यक्षात ५.८२ हा एक नेमका बिंदू न राहता त्याच्या दोन्ही बाजूंना एक पट्टा तयार होतो आणि त्या पट्ट्याच्या आत कोणतीही किंमत टिकून राहू शकते. भारतात अशा व्यवहारांची बहुतेक उलाढाल रात्रभराच्या दरावर आधारलेल्या स्वॅपमध्ये होते. ट्रेझरी बिलावरचा एफआरए विरळा, म्हणून पट्टाही रुंद. बँकेने उद्योजकाला ५.९५ टक्के सांगितले, तर ५.८२ च्या वरचे १३ शतांश टक्के म्हणजे बँकेचा खर्च, नफा आणि उद्योजकाच्या पतीची किंमत. ते द्यायचे की नाही हे त्याने ठरवावे. मात्र ५.८२ हा आकडा स्वतः काढता आला, तरच आपण नेमके किती जास्त देत आहोत हे त्याला कळते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आलेखातील लहान चूक मधल्या दरात मोठी होऊन उतरते. १८२ दिवसांचा दर ५.७० ऐवजी ५.७१ घेतला, म्हणजे चूक फक्त एक शतांश टक्का, तर मधला दर जवळजवळ दोन शतांशांनी वाढतो. कारण उघड आहे. सहा महिन्यांवर पसरलेली चूक मधल्या तीन महिन्यांना एकट्यांना सोसावी लागते. पुनर्निश्चिती ९१ व्या ऐवजी ७० व्या दिवशी असेल आणि त्या मुदतीच्या बिलाचा दर मिळत नसेल, तर शेजारच्या मुदतींवरून अंदाजे दर काढावा लागतो. तेथे ही चूक हमखास शिरते. ३१ मार्च ज्या तिमाहीत येतो तिथे तर विशेष जपावे. वर्षअखेरीला बाजारातील रोकड आटते आणि तेवढ्या काळापुरता आलेखाला एक उंचवटा येतो. सरळ रेषेने जोडलेला आलेख तो गिळून टाकतो.

५.८२ हा तीन महिन्यांनंतरच्या दराचा अंदाज आहे का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. नाही. लांब मुदतीसाठी पैसे अडकवणारे थोडा जास्त मोबदला मागतात आणि तो मोबदलाही या आकड्यात मिसळलेला असतो. त्यामुळे हा दर चढा दिसला म्हणून पतधोरण समिती दर वाढवणार असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. करारासाठी त्याची गरजही नाही. तो ज्या दराला आज कुलूप लावता येते तो दर आहे, एवढेच त्याचे काम.

पुनर्निश्चितीचा दिवस

उद्योजकाने ५.८२ टक्क्यांना करार केला असे धरू. बँकेचा नफा सोपेपणासाठी बाजूला ठेवला आहे. ९१ वा दिवस उजाडतो. एफबीआयएल त्या दिवशीचा दर जाहीर करते तो ६.३० टक्के. धास्ती खरी ठरली. कर्जाचा दरही याच आकड्यावर नव्याने ठरतो आणि ३ टक्के मिळवून ९.३० होतो.

दोन दरांतील फरक ०.४८ टक्के. १० कोटींवर ९१ दिवसांसाठी हा फरक १ लाख १९ हजार ६७१ रुपये होतो. पण बँक त्याला एवढे पैसे देत नाही. देते १ लाख १७ हजार ८२०.

येथे अनेकांना आपण फसलो असे वाटते. पण हा हिशेब न्याय्य आहे. कर्जावरील वाढीव व्याज १८२ व्या दिवशी द्यायचे आहे, तर एफआरएची तडजोड ९१ व्या दिवशी, म्हणजे कालखंडाच्या सुरुवातीलाच होते. नंतर द्यायची रक्कम आधी हातात पडत असेल, तर ती तेवढ्या काळाचे व्याज वजा करूनच दिली पाहिजे. ते वजा करण्यासाठी नुकताच जाहीर झालेला ६.३० टक्के हाच दर वापरतात. १,१९,६७१ ला १.०१५७०७ ने भागायचे, की १,१७,८२० येतात.

```
S = N * (L - K) * d/365 / (1 + L*d/365)
```

`N` म्हणजे हिशेबाचे मुद्दल, `L` जाहीर झालेला दर, `K` कराराचा दर आणि `d` कालखंडाचे दिवस. उत्तर धन आले तर खरेदीदाराला मिळतात, ऋण आले तर त्याला द्यावे लागतात.

सुरुवातीलाच तडजोड करण्यामागे एक व्यावहारिक हेतू आहे. दर जाहीर झाला त्या क्षणी देणे किती हे पक्के होते. आणखी तीन महिने थांबले तर तेवढा काळ एकाची पत दुसऱ्याला सांभाळावी लागते. मग आजच मिटवून मोकळे का होऊ नये?

आता पडताळा पाहू. उद्योजकाने १,१७,८२० रुपये ९१ दिवस ६.३० टक्क्यांनी ठेवले, तर त्यांचे बरोबर १,१९,६७१ होतात. १८२ व्या दिवशी कर्जावर मानदंडापोटीचे व्याज १५,७०,६८५ रुपये. त्यातून १,१९,६७१ वजा केले की उरतात १४,५१,०१४. आणि १० कोटींवर ५.८२ टक्क्यांनी ९१ दिवसांचे व्याजही १४,५१,०१४ च. वरचे ३ टक्के तसेच राहतात, त्यांना एफआरए हात लावत नाही. एकूण दर ८.८२ टक्के झाला.

उलट घडले आणि दर ५.४० टक्के जाहीर झाला तर? फरक उणे ०.४२ टक्के, कालखंडाअखेरचा हिशेब १,०४,७१२ रुपये. आगाऊ देण्याचे व्याज वजा जाता उद्योजकाला बँकेला १,०३,३२१ द्यावे लागतात. कर्जावरील व्याज घसरून १३,४६,३०१ होते आणि त्यात १,०४,७१२ मिळवले की, पूर्णांकनातला एक रुपया सोडला तर, पुन्हा १४,५१,०१४. दर कोठेही जावो, बेरीज तीच. ही रक्कम बुडाली असे म्हणून उद्योजकाने हळहळू नये, कारण त्याने दर पक्का करण्यासाठीच करार केला होता. मात्र एका गोष्टीची तयारी त्याने आधी करायला हवी. ती रोख रक्कम ९१ व्या दिवशी द्यायची आहे, तर व्याजातील बचत पुढे हळूहळू मिळणार आहे. खेळते भांडवल ओढाताणीचे असेल तर एक लाख रुपयेही त्या दिवशी जड जातात.

हिशेब चुकला की नाही हे ओळखण्याची सर्वांत खात्रीची कसोटी हीच बेरीज आहे. दोन वेगवेगळे दर घेऊन करून पाहावी. दोन्ही वेळा शेवटचा आकडा कराराच्या दराने येणाऱ्या व्याजाशी जुळला तर हिशेब बरोबर. नेहमी आढळणाऱ्या चुका ती लगेच उघड्या पाडते. कोणी जाहीर दराऐवजी कराराच्या दराने, म्हणजे ५.८२ ने, भागाकार करतो. तेव्हा रक्कम फारशी हलत नाही, पण बेरीज शे-दीडशे रुपयांनी चुकते आणि दर जितका दूर गेलेला असेल तितकी जास्त चुकते. कोणी वर्ष ३६० दिवसांचे धरतो, कारण हे सूत्र बहुधा डॉलर किंवा युरोच्या पुस्तकातून उचललेले असते आणि तेथे तीच रीत आहे. आपल्या उदाहरणात त्यामुळे १,१९,६७१ च्या जागी १,२१,३३३ येतात. फरक दीड-पावणेदोन हजारांचा असल्याने तो डोळ्यांत भरत नाही आणि नेमका त्यामुळेच निसटतो.

काही विसंगती मात्र हिशेबात नसून करारातच असतात. आपल्याकडे बँका कर्जावरचे व्याज दरमहा वसूल करतात, तर सूत्र असे मानते की ते तिमाहीअखेर एकदमच द्यायचे आहे. उद्योजकाला मिळालेले १,१७,८२० रुपये ६.३० टक्क्यांनी ठेवायलाही मिळतीलच असे नाही, चालू खात्यात पडून राहिले तर शून्य टक्के. हे सारे मिळून फरक साधारण दोन हजार रुपयांच्या आसपास राहतो, त्यावर डोके खाजवण्यात अर्थ नाही. तारखांची विसंगती तशी नव्हे. कर्जाची पुनर्निश्चिती महिन्याच्या १ तारखेला आणि एफआरएची ८ तारखेला असेल आणि मधल्या आठवड्यात पतधोरणाची बैठक झाली, तर कर्जाचा दर एक आणि कराराचा दुसराच, असे होऊ शकते. त्या वेळी बेरीज जुळत नाही आणि सूत्राचा त्यात दोष नसतो. मानदंड तीन महिन्यांचाच आहे की सहा महिन्यांचा, तो दिवसाच्या कोणत्या प्रसिद्धीतून घ्यायचा आणि सुटी आली तर काय, हे करारपत्रात आधी वाचून घ्यावे.

मध्येच मोडायचा झाला तर

समजा, ३० दिवस गेले आणि उद्योजकाने कर्ज मुदतीआधीच फेडले. आता त्याला एफआरए नको आहे. तो मोडण्याची किंमतही त्याच आलेखातून निघते. पुनर्निश्चितीला ६१ दिवस आणि कालखंड संपायला १५२ दिवस उरले आहेत. त्या दिवशी ६१ दिवसांचा दर ५.६४ आणि १५२ दिवसांचा ५.९५ टक्के असेल, तर मधला दर आधीच्याच भागाकाराने ६.१० टक्के येतो. ५.८२ शी फरक ०.२८ टक्के, म्हणजे कालखंडाअखेर ६९,८०८ रुपये. १५२ दिवसांच्या दराने त्यांची आजची किंमत ६८,१२० रुपये. बँकेने करार मोडताना याच्या आसपासची रक्कम त्याला द्यायला हवी. करताना शून्य मूल्याचा असलेला करार महिनाभरात ६८ हजारांचा झाला, आणि अद्याप कोणताही दर जाहीर झालेला नाही.

आलेख एकच असतो का?

आतापर्यंत आपण एकच आलेख वापरला, मधला दर काढायलाही आणि आजची किंमत काढायलाही. ट्रेझरी बिलाच्या बाबतीत ते चालून जाते, कारण दोन्ही टोकांना सरकारच आहे. बँकांच्या आपसांतील दरांबाबत जगभर अशीच पद्धत होती आणि ती २००७ पर्यंत निर्धोक वाटत होती. ९ ऑगस्ट २००७ रोजी बीएनपी परिबा या फ्रेंच बँकेने आपल्या तीन निधींतील पैसे काढण्यावर बंदी घातली आणि बँका एकमेकींना उसने द्यायला घाबरू लागल्या. त्यानंतर युरोच्या बाजारात तीन आणि सहा महिन्यांच्या दरांतून काढलेला मधला दर आणि बाजारात प्रत्यक्ष सांगितला जाणारा एफआरएचा दर यांत ठळक अंतर पडले.

वर सांगितलेल्या दुहेरी उलाढालीने ते मिटायला हवे होते. मिटले नाही, कारण एका बँकेला सहा महिन्यांसाठी पैसे देणे आणि तीन-तीन महिन्यांनी दोनदा देणे या आता एकाच गोष्टी राहिल्या नव्हत्या. तीन महिन्यांनी दुसरी, अधिक सुदृढ बँक निवडता येते. सहा महिन्यांत मात्र पैसे एकीकडेच अडकतात. त्या अडकण्याची किंमत सहा महिन्यांच्या दरात शिरली. तेव्हापासून बाजाराने दोन आलेख ठेवायला सुरुवात केली. एक, ज्या मुदतीच्या दरावर करार आहे त्याचा, मधला दर काढण्यासाठी. दुसरा, रात्रभराच्या दरावर आधारलेला, आजची किंमत काढण्यासाठी. पुनर्निश्चितीच्या दिवशीची तडजोड मात्र करारात लिहिल्याप्रमाणे जाहीर दरानेच होते, दोन आलेखांचा तिच्याशी संबंध नाही.

डॉलरच्या जगात एफआरए आता जवळजवळ नामशेष झाला आहे, आणि त्याचे कारण आपण पाहिलेल्या तडजोडीतच आहे. लायबॉर हा तीन महिन्यांचा दर कालखंडाच्या सुरुवातीलाच कळत असे. डॉलर लायबॉरचे बँकांच्या भावांवर आधारलेले रूप ३० जून २०२३ नंतर बंद झाले आणि त्याच्या जागी आलेल्या सोफरवरच्या व्यवहारांत रोजच्या दरांची चक्रवाढ करतात, तेव्हा तिमाहीचा दर तिमाही संपल्यावरच कळतो. सुरुवातीला जाहीर होणारा आकडाच नसेल तर सुरुवातीला तडजोड कशाची करणार? युरोत मात्र युरिबॉर टिकून आहे. तो कालखंडाच्या दोन कामकाजी दिवस आधी ठरतो आणि त्यावरचे एफआरए आजही होतात. आपल्याकडचा ट्रेझरी बिलाचा दरही याच जातीचा, मुदतीच्या आधी कळणारा आहे. म्हणून वेर्णाच्या उद्योजकाला ९१ व्या दिवशी दर जाहीर होताच आपले १,१७,८२० रुपये कागदावर मोजून बँकेच्या पत्राची वाट पाहता येते.